सुचणं कधी थांबवायचं आणि निवडायला कधी बसायचं?

प्रश्न: आम्ही चौघी कॉलेजपासूनच्या मैत्रिणी. घरगुती खाद्यपदार्थांचं काहीतरी सुरू करायचं ठरवून सात महिने झाले. दर रविवारी कॉल होतो, शीटमध्ये १७० च्या वर आयडिया जमल्यात, आणि दर वेळी कोणीतरी म्हणतंच की अजून थोडं शोधूया, याहून भारी काहीतरी सापडेल. आता शोधणं बास, निवडायला बसायची वेळ झाली हे नेमकं ओळखायचं कसं?

उत्तर:

मी पंधरा-सोळा वर्षं बचत गट आणि छोट्या घरगुती उद्योगांबरोबर काम करतेय, आणि हा आजार मी इतक्या वेळा बघितलाय की आता शीट उघडायच्याही आधी अंदाज येतो. तुमच्या १७० मध्ये खऱ्या वेगळ्या आयडिया पंचवीस-तीसच्या वर नसणार, पैज लावते. पण अंदाजावर जाऊ नका, मोजून बघता येतं, ते खाली सांगते.

आधी माझीच एक चूक सांगते कारण त्यातूनच शिकले. कुडाळकडच्या एका गावात अकरा बायकांचा गट होता. प्रत्येकीच्या परसात कोकम, फणस, काजू, दोन-चार आंबे, आणि माल सगळा कच्चाच व्यापाऱ्याला जायचा. आपण काहीतरी बनवून विकूया म्हणून त्यांनी मला बोलावलं. फेब्रुवारीत पहिली बैठक झाली, चार्टपेपर, रंगीत कार्डं, भिंतभर आयडिया, बायका इतक्या खुलल्या की मलाच थांबवावंसं वाटेना. मार्च गेला, एप्रिल गेला, कार्डं ६४ झाली. मी प्रत्येक बैठकीत म्हणायचे की छान, अजून विचार करा. आणि मे संपता संपता पाऊस आला. पिकलेली कोकमं झाडाखाली पडून सडली, फणस फुटले, वाळवण घालायला ऊन नाही. त्या वर्षी ६४ आयडिया होत्या आणि विकायला बाटलीभरसुद्धा काही नव्हतं. एक मावशी म्हणाली, "ताई, कोकम काय आपली मीटिंग संपायची वाट बघत बसतला?" मला काही बोलताच आलं नाही.

तर दुसऱ्या वर्षी आम्ही काय केलं ते सविस्तर सांगते, तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे.

पण त्याआधी एक. कंटाळा आला, आता काही सुचत नाही, म्हणून थांबू नका. हे उलटं वाटेल पण दमणं ही खूण चुकीची आहे. २०२० मध्ये लुकास आणि नॉर्डग्रेन या दोन संशोधकांनी हे तपासलं होतं, लोकांना वाटतं की जसजसा वेळ जातो तसतसं आपलं सुचणं फिकं पडत जातं, प्रत्यक्षात ते टिकून राहतं किंवा उलट सुधारतं. पहिल्या वीस मिनिटांत जे येतं ते सगळ्यांनाच सुचतं, लोणचं, पापड, मसाले, लाडू. म्हणून एका बैठकीपुरतं बोलायचं तर दमल्यावरही थोडं पुढे जावं. पण तुमचा प्रश्न एका बैठकीचा नाही, तो सात महिन्यांचा आहे, आणि तिथे खूण वेगळी लागते. उत्साह टिकलाय की गेलाय हे बघायचंच नाही. नवीन आयडिया आली तर ती यादीत खरंच काही नवीन घालते का, हे बघायचं.

ते बघायची पहिली पद्धत अगदी साधी, ढीग घालणं. आम्ही ती ६४ कार्डं जमिनीवर ओतली आणि सारखी सारखी एकत्र लावली. सारखं म्हणजे काय यावर भांडण होतं, म्हणून नियम आधीच ठरवला: कच्चा माल तोच, करायची रीत तीच आणि घेणारं गिऱ्हाईक तेच, तर ती एकच आयडिया, नाव काहीही असो. म्हणजे "कोकम सरबत", "अमृत कोकम" आणि "साखरेतलं कोकम सिरप छान बाटलीत" ही तीन कार्डं नाहीत, एक आहे. पुढे या आयडिया कच्च्या मालाप्रमाणे आणि रीतीप्रमाणे जवळ जवळ सरकवल्या तर नऊ ढीग झाले. मग कार्डांच्या मागे टाकलेल्या तारखा बघितल्या (तारीख टाकायची सवय मला होती, तेवढं एक बरं). शेवटच्या दोन बैठकांतली १४ कार्डं होती, त्यातली १३ जुन्याच ढिगांत जाऊन पडली. म्हणजे विहीर आधीच आटली होती, नि आम्ही नुसती घागर खाली-वर करत होतो.

तुमच्या शीटमध्ये कोणती ओळ कधी टाकली हे हिस्टरीत दिसेलच. शेवटच्या तीन-चार रविवारच्या आयडिया घ्या आणि त्यातल्या किती नवीन ढीग बनवतात ते मोजा. दहात एखादीच बनवत असेल तर शोध संपलाय, तुम्ही कॉल चालू ठेवलाय एवढंच.

दुसरी पद्धत थोडी हिशोबाची आहे पण मला जास्त भरवशाची वाटते. तळ्यात मासे किती हे मोजायला काय करतात माहितीये ना, काही मासे पकडून खूण करून सोडायचे, पुन्हा जाळं टाकायचं, आणि दुसऱ्या वेळी खूण केलेले किती सापडतात त्यावरून एकूण किती असतील तो अंदाज बांधायचा. आयडियांनाही हेच लावता येतं. मी गटाचे दोन भाग केले, भिंतीवरची कार्डं काढून टाकली, दोन्ही भागांना वेगवेगळ्या घरात बसवलं आणि सांगितलं की आपल्या गावातून काय काय बनवून विकता येईल ते पहिल्यापासून लिहा, एकमेकींशी बोलायचं नाही. एका गटाने १८ लिहिल्या, दुसऱ्याने २०. वरचाच सारखेपणाचा नियम लावून जुळवल्या तर १२ दोन्हीकडे होत्या. आता १८ गुणिले २० भागिले १२, म्हणजे ३०. एकूण साधारण ३० आयडिया या लोकांच्या आवाक्यात आहेत असा अंदाज, आणि दोन्ही याद्या मिळून आमच्या हातात आल्या होत्या १८ अधिक २० वजा १२, म्हणजे २६. राहिल्या चार. चार आयडियांसाठी अजून दोन महिने घालवायचे का? समजा १२ ऐवजी तीनच जुळल्या असत्या तर अंदाज १२० वर गेला असता, आणि मग मी म्हणाले असते की थांबू नका, अजून बरंच बाकी आहे.

यात एक खोट आहे, ती माहीत हवी. हा हिशोब धरून चालतो की दोन्ही गट स्वतंत्रपणे विचार करतायत. एका गावच्या, एकाच आठवडी बाजाराला जाणाऱ्या बायका सारखाच विचार करणार, त्यामुळे जुळण्या जास्त येतात आणि एकूण आकडा खऱ्यापेक्षा कमी निघतो. तुम्ही चौघी तर सात महिने एकाच कॉलवर एकमेकींचं ऐकताय, तुमची डोकी आता एक झालीयत. यावर उपाय म्हणजे तिसरी यादी बाहेरच्या माणसाकडून घ्यायची. आम्ही गावात नुकत्याच आलेल्या कोल्हापूरच्या एका सुनेला आणि एका टेम्पोवाल्याला विचारलं. सुनेने पटकन सांगितलं की कच्चा फणस सोलून, चिरून द्या ना, तो चीक हाताला लागतो म्हणून आमच्याकडे कोणी भाजीच करत नाही. अकरा जणींना हे सुचलं नव्हतं कारण त्यांना चिकाचं काही वाटतच नाही, तेल लावलं की झालं. तर बाहेरच्या दोन-तीन जणांना जरूर विचारा, पण एकदाच, आणि त्यांची यादी आली की दार बंद.

एक गोष्ट मध्येच सांगते, कॉलवर चौघींनी मिळून सुचवत बसणं हीच मुळात हळू पद्धत आहे. ब्रेनस्टॉर्मिंग हा शब्द रुळवला तो अमेरिकेतल्या जाहिरात क्षेत्रातल्या अॅलेक्स ऑसबॉर्नने, आणि त्याचा नियम होता की सुचताना टीका करायची नाही. तो नियम सुचण्याच्या वेळेपुरता होता, पारखणी नंतर वेगळी करायची हे त्यात धरलेलंच होतं, आपण फक्त पहिला अर्धा भाग उचलला. शिवाय १९५८ मध्येच येल विद्यापीठातल्या प्रयोगात दिसलं होतं की चार माणसं एकत्र बसण्यापेक्षा तितकीच चार वेगवेगळी बसून लिहितात तेव्हा वेगळ्या आयडिया जास्त निघतात. एक बोलत असताना बाकीच्या तिघी थांबलेल्या असतात, आणि थांबता थांबता आपलं विसरतात. म्हणून लिहायचं एकेकटीने, निवडायचं एकत्र. तुमचं बरोब्बर उलट चाललंय, सुचवायला एकत्र आणि मनातल्या मनात निवडायला प्रत्येक जण एकटी.

आणि कोणीतरी तुम्हाला तो ३७ टक्क्यांचा नियम सांगेल, की पहिले ३७ टक्के नुसते बघा आणि मग त्याहून चांगलं येईल ते घ्या. तो इथे लागू नाही. ते गणित अशा ठिकाणचं आहे जिथे उमेदवार एकेक करून येतात आणि नाकारला की परत मिळत नाही. आयडिया कुठे पळून जातायत, शीटमध्येच आहेत की. पळून जातो तो हंगाम.

बरं, आता निवडणं. लोक घाबरतात ते इथेच. बाहेरून दिसतं की अजून भारी आयडिया शोधतायत, आतून कारण हे असतं की निवड केली की कोणाची तरी आवडती आयडिया मरणार, आणि मैत्रिणीचं मन कोण मोडणार. म्हणून आमच्याकडे आयडियांवर मत द्यायला मी बसवलंच नाही. आधी अटी ठरवल्या, आणि त्या ठरवताना यादी समोर ठेवली नव्हती. हे फार महत्त्वाचं आहे, यादी समोर असली की प्रत्येक जण आपली आयडिया वाचेल अशी अट शोधते. चार अटी ठरल्या. कच्चा माल आपल्या परसातला किंवा चालत जाऊन आणण्याइतका जवळचा हवा. फ्रिज, बर्फ काही लागता कामा नये, कारण वीज दिवसदिवस जाते. नमुन्याचा घाणा पावसाच्या आधी निघाला पाहिजे. आणि पहिल्या खेपेला गटाचे १५ हजारांवर पैसे अडकता कामा नयेत. अटींना मार्क नाहीत, हो किंवा नाही. एक "नाही" आलं की कार्ड बाजूला.

दोन तासांत त्या २६ आणि बाहेरच्यांनी सांगितलेल्या मिळून सात उरल्या. त्या सुनेची सोललेल्या फणसाची आयडिया सगळ्यांना आवडली होती, पण चिरलेला फणस थंडाव्याशिवाय काळा पडतो, दुसऱ्या अटीला गेली. आणि गंमत म्हणजे कोणी रुसलं नाही, कारण ती कोणा बाईने नाकारली नव्हती, अटीने नाकारली होती. ही पण थांबायची एक खूण समजा: अगदी ताजी, सगळ्यांना आवडलेली आयडियासुद्धा पहिल्या दोन अटींत पडते, मग अजून ताज्या आयडिया आणून काय करणार.

इथे उलटंही होतं. सगळ्याच्या सगळ्या आयडिया एकाच अटीला पडल्या, तर मात्र परत सुचवायला बसायचं, पण सगळ्या विषयावर नाही, त्या एका भोकावर. एका दुसऱ्या गटात सगळं छान होतं पण "विकणार कोण" याला एकाही आयडियाकडे उत्तर नव्हतं. मग आम्ही नवीन पदार्थ शोधले नाहीत, फक्त विकायच्या वाटा शोधल्या, पाऊण तास, घड्याळ लावून.

सात राहिल्या त्यांचं काय? तिथे मार्कांचे तक्ते मी करत नाही. दहापैकी सात की आठ यावर बायका तासभर वाद घालतात आणि शेवटी बेरीज मनासारखी आली नाही की आकडे बदलतात, मी स्वतः बदललेत. त्याऐवजी स्टुअर्ट प्यू नावाच्या ब्रिटिश इंजिनियरची रीत वापरते. एक गोष्ट आधार म्हणून धरायची आणि बाकी प्रत्येक आयडियाला तिच्याशी तोलायचं: बरी, वाईट किंवा तेवढीच. माझ्या मते छोट्या धंद्यात आधार म्हणून आत्ता जे चाललंय तेच धरावं. आमच्याकडे ते होतं कोकमं तशीच टोपल्या भरून व्यापाऱ्याला देणं. तोलायचे मुद्दे चारच घेतले, एका दिवसाच्या मजुरीमागे सुटणारे पैसे, पैसे किती दिवस अडकतात, माल किती टिकतो, आणि गिऱ्हाईक आत्ता ओळखीचं आहे का.

तळलेले गरे घ्या. कापा फणसाचे जून पण न पिकलेले गरे काढायचे, उभे चिरून खोबरेलात तळायचे. दहा किलोच्या फणसातून गरे निघतात तीनेक किलो, आणि तळून उरतात जेमतेम किलोभर. भाव कोकमापेक्षा कितीतरी चांगला, म्हणून पहिल्या मुद्द्याला "बरी". पण तेलात पैसा जातो, आणि दमट हवेत साध्या पिशवीत आठ दिवसांत मऊ पडतात, म्हणून टिकण्यात फार तर "तेवढीच". अमृत कोकमात साखरेचे पैसे आधी घालावे लागतात आणि रस्त्यावरच्या प्रत्येक दुकानात ते आहेच, गिऱ्हाईकाच्या मुद्द्याला "वाईट". आगळ, म्हणजे पिकलेल्या कोकमाचा मीठ घालून काढलेला रस, त्याला लागतं मीठ आणि झाकणाचे ड्रम, ऊन लागतच नाही, वर्षभर टिकतो, आणि एकीचा भाऊ कोल्हापुरातल्या दोन खानावळींना मासे पोचवायचा जिथे सोलकढी रोज लागते. आगळाला तीन "बरी" आणि एकच "वाईट", पैसे अडकण्याचं, कारण व्यापारी रोख देतो आणि खानावळ महिन्याने.

असं बघितल्यावर निवड जवळजवळ आपोआप दिसते. पण तरी शेवटचं बोट कागदावर ठेवायला नको. आम्ही दोन उरवल्या, आगळ आणि तळलेले गरे, आणि मे महिन्यातला एकेक आठवडा प्रत्येकीला दिला. गऱ्यांची ३० पाकिटं केली, आगळाचे पाच लिटरचे चार कॅन. गरे खाणाऱ्यांनी खूप नावाजले पण परत कोणी मागितले नाहीत, आणि शेवटची पाकिटं मऊ पडली. आगळाचं कोणी कौतुक केलं नाही, पण एका खानावळीने दहा दिवसांत अजून दोन कॅन मागवले. कौतुक आणि परत मागणी यातला फरक कॉलवर बसून कधीच कळला नसता.

तुमच्यासाठी आता, या रविवारी कॉल घेऊ नका. प्रत्येकीने शीट न उघडता एकटीने तासभर यादी लिहा, दोघी-दोघींच्या याद्या जुळवून तो हिशोब करा, आणि बाहेरच्या दोघांना विचारा. जुळण्या निम्म्याच्या वर आल्या आणि बाहेरच्यांकडून दोन-तीनच नवीन निघाल्या, तर पुढच्या रविवारी शीटला एडिट बंद करून आधी अटी लिहा. चारच्या वर नकोत. त्यातली एक अट तारखेची असू दे, आणि तारीख तुम्ही ठरवलेली नको, बाहेरची हवी, कारण आपण ठरवलेली तारीख आपणच पुढे ढकलतो. दिवाळीचा फराळ, लग्नसराई, कैरीचा हंगाम, तुमच्या मालाला जी बसेल ती.

आणि नमुना करायला घेण्याआधी एका कागदावर लिहून चौघींनी सह्या करा की काय झालं तर आपण ही आयडिया सोडू. आमच्या कागदावर होतं: तीन आठवड्यांत कोणी परत मागितलं नाही तर, किंवा एका लिटरला लागणारा खर्च ठरवल्याच्या दीडपट झाला तर. याशिवाय कुठल्याही कारणाने जुनी यादी उघडायची नाही. कारण पहिली अडचण येणारच, बाटलीचं झाकण गळेल, लेबल चुकीचं छापून येईल, आणि त्या रात्री कोणीतरी ग्रुपवर टाकेलच की "अगं मला एक नवीनच सुचलंय". आमच्याकडे तर ड्रम गळला तेव्हा एकीने काजूच्या बोंडाच्या सरबताचं काढलं होतं. मावशीने ते वहीत "पुढच्या साली" या पानावर लिहून घेतलं आणि दुसरा ड्रम धुवायला घेतला.